‘वेगळ्या खात्यात ठेवलेत’ म्हणजे सुरक्षित ठेवलेत का?

*ताई, मी इंग्लंडमध्ये रीडिंगला राहतो, आयटीत आहे. इथल्या परवाना असलेल्या एका बेटिंग साइटवर माझे १,८४० पौंड पडून आहेत, बहुतेक जिंकलेलेच. शिवाय प्रीमियर लीग कोण जिंकणार यावर २५० पौंडांची पैज लावली आहे, तिचा निकाल मे महिन्यात लागेल, आणि ६० पौंड बोनस दिसतोय. परवा त्यांचा मेल आला की तुमचे पैसे कंपनीच्या पैशांपासून वेगळ्या खात्यात आहेत, पण कंपनी दिवाळखोर झाली तर त्यांना संरक्षण नाही. वेगळे ठेवलेत तर संरक्षण का नाही? बायको म्हणते, काढून घे. पुण्यातल्या धाकट्या भावाचे एका रमीच्या ॲपमध्ये पैसे होते, तो म्हणतो, सगळीकडे सारखंच. खरं काय? — निनाद*

निनाद, वहिनींचं ऐका. आधी पैसे काढायची रिक्वेस्ट टाका आणि मग हे उत्तर सावकाश वाचा. ती कंपनी बुडायला आली आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तो मेल काही संकटाची घंटा नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचा नियमच आहे की, ज्या कंपन्यांकडे ग्राहकांचे पैसे दिवाळखोरीपासून सुरक्षित नाहीत, त्यांनी दर सहा महिन्यांनी ग्राहकाला तशी आठवण करून द्यायची. पूर्वी ही गोष्ट खातं उघडताना एका टिकमार्कखाली निघून जायची. आता ती मेलमध्ये येते आणि तुमच्यासारखी माणसं ती वाचून विचारतात, हे फार चांगलं झालं.

मी लंडनमध्ये बरीच वर्षं दिवाळखोरीची कामं करणाऱ्या अकाउंटंटांच्या ऑफिसात होते, त्यामुळे बुडालेल्या कंपन्यांची खाती आतून पाहिली आहेत. त्यात एकच प्रश्न सगळ्यात आधी येतो: हा पैसा कायद्याने कोणाचा? कुठे ठेवला आहे, खात्याला नाव काय दिलं आहे, हे सगळं नंतर.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. एखाद्या माणसाने मुलीच्या लग्नासाठी म्हणून बँकेत वेगळं खातं उघडलं. खातं त्याच्याच नावाचं. घरात सगळ्यांना ठाऊक आहे की ते लग्नाचे पैसे, त्याला कोणी हात लावत नाही. पुढे धंदा बसला आणि देणेकरी कोर्टात गेले. कोर्ट त्या खात्यावर जप्ती आणताना ‘हे तर लग्नाचे’ हे ऐकून घेणार नाही, कारण खात्यातला पैसा त्याचाच आहे. त्याने फक्त मनाशी त्याची वाटणी केली होती. हेच पैसे त्याने रीतसर ट्रस्ट करून, मुलीला लाभार्थी ठेवून, विश्वस्ताच्या हाती दिले असते, तर गोष्ट वेगळी होती. मग तो पैसा त्याचा आहे असं कोणाला म्हणता आलं नसतं.

तुमच्या साइटचं ‘वेगळं खातं’ हे पहिल्या प्रकारचं आहे. परवान्याच्या अटीनुसार त्यांनी खेळाडूंचे पैसे रोजच्या खर्चाच्या खात्यात मिसळायचे नाहीत, आणि ते मिसळत नाहीत. त्याचा उपयोग आहे. पगार आणि जाहिरातींचे चेक तुमच्या पैशांतून सुटत नाहीत, आणि हिशेब तपासणाऱ्याला किती कमी पडतंय ते लगेच दिसतं. पण हे सगळं कंपनी चालू असेपर्यंत. कंपनी बुडाली आणि तिचा कारभार हाती घ्यायला प्रशासक नेमला गेला की तो सगळी खाती गोळा करतो, आणि ज्या खात्यावर ट्रस्ट नाही ते कंपनीचंच धरतो. तुम्ही त्या पैशांचे मालक राहत नाही, कंपनीकडून येणं असलेल्या अनेकांपैकी एक उरता. तेही विनातारण, म्हणजे रांगेत जवळजवळ शेवटी. बँकेतल्या ठेवीला इथे ठराविक मर्यादेपर्यंत कायद्याने जी हमी असते, ती जुगाराच्या खात्याला नाही.

रांग म्हणजे काय, ते एका काल्पनिक कंपनीवर दाखवते. आकडे मी सोपे घेतले आहेत, क्रम मात्र इंग्लंडच्या कायद्यातला आहे. समजा, कंपनीकडे खेळाडूंची शिल्लक ४० लाख पौंड आहे आणि वेगळ्या खात्यात बरोबर तेवढेच ४० लाख आहेत. बाकीची मालमत्ता विकून १० लाख आले. एकूण ५० लाख. देणी अशी: प्रशासकाचा आणि वकिलांचा खर्च १० लाख, कर्मचाऱ्यांचे थकलेले पगार ३ लाख, त्यांच्या पगारातून कापलेला पण सरकारला न भरलेला कर ७ लाख. या तिघांचा नंबर तुमच्या आधी लागतो. करखात्याला हा अग्रक्रम डिसेंबर २०२० पासून पुन्हा मिळाला आहे. त्यांचे २० लाख गेले, उरले ३० लाख. आता त्या ३० लाखांवर हक्क सांगणारे कोण? खेळाडूंचे ४० लाख, आणि जाहिरात कंपनी, सॉफ्टवेअरवाले, ज्या फुटबॉल क्लबच्या शर्टावर नाव छापलं तो क्लब, अशा सगळ्यांचे मिळून ६० लाख. एक कोटीच्या देण्याला तीस लाख, म्हणजे पौंडाला तीस पेन्स. तुमच्या १,८४० चे झाले ५५२.

अजून बँक आलेलीच नाही. कंपनीने बँकेकडून सगळ्या मालमत्तेवर तारण देऊन ३० लाख उचलले असतील, तर त्या उरलेल्या ३० लाखांवर आधी बँकेचा हात पडतो. विनातारण लोकांसाठी कायदा त्यातून एक छोटा हिस्सा बाजूला काढून ठेवतो. या उदाहरणात तो सुमारे सहा लाख येतो, म्हणजे पौंडाला सहा पेन्स. तुमच्या हाती साधारण १११ पौंड, आणि तेही वर्ष-दीड वर्षाने.

आता हेच ४० लाख ट्रस्टमध्ये असते तर? प्रशासकाला ते खातं कंपनीच्या मालमत्तेत धरताच आलं नसतं. करखातं, बँक, क्लब, सगळे बाहेर उभे राहिले असते आणि तुम्हाला १,८४० च्या आसपास मिळाले असते. कोर्टाने परवानगी दिली तर वाटपाचा खर्च त्या ट्रस्टमधून वजा होऊ शकतो, म्हणून ‘आसपास’ म्हणते. तीच कंपनी, तेच खातं, तेवढीच रक्कम. फरक एका कायदेशीर दस्तऐवजाचा.

म्हणूनच ब्रिटनमध्ये प्रत्येक परवानाधारकाला आपल्या अटी-शर्तींमध्ये संरक्षणाची पायरी सांगावी लागते. स्क्रीनवर ती इंग्रजीत Not protected, Medium protection किंवा High protection अशी दिसते. तुमची पहिली पायरी आहे: पैसे वेगळे, संरक्षण शून्य. मधल्या पायरीत पैसे वेगळे तर असतातच, शिवाय कंपनी बुडाल्यावर ते खेळाडूंकडेच जातील अशी काहीतरी व्यवस्था केलेली असते, उदाहरणार्थ विमा. वरच्या पायरीत रीतसर ट्रस्ट असतो आणि त्या खात्यावर कंपनीबाहेरच्या माणसाची किंवा ऑडिटरची नजर असते. कुठली पायरी घ्यायची हे कंपनीने ठरवायचं, कमिशन सक्ती करत नाही. हे मला पटत नाही. पायरीचं नाव वाचून साइट निवडणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सगळे भाव आणि बोनस बघून निवडतात. जो धंदा लोकांचे पैसे महिनोन्महिने सांभाळतो, त्याने ट्रस्ट करायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

पण वरची पायरी दिसली म्हणून डोळे मिटू नका. दोन घटना सांगते, कारण दोन्हींत वेगवेगळ्या ठिकाणी भोक होतं.

पहिली फुल टिल्ट पोकरची. ही एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या पोकर साइट्सपैकी एक. परवाना ऑल्डर्नी या इंग्लिश चॅनेलमधल्या छोट्या बेटाचा. खेळाडूंना सांगितलं जायचं की तुमचे पैसे वेगळे आणि सुरक्षित आहेत. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेच्या न्याय खात्याने पोकर साइट्सवर कारवाई केली. त्यात फुल टिल्ट होती आणि तिची प्रतिस्पर्धी पोकरस्टार्सही होती. दोघींवर एकाच दिवशी, एकाच सरकारचा घाव. पोकरस्टार्सने अमेरिकी खेळाडूंचे पैसे काही आठवड्यांत परत करायला सुरुवात केली, कारण ते खरोखर बाजूला ठेवलेले होते. फुल टिल्टला देता येईनात. जूनच्या शेवटी ऑल्डर्नीने परवाना निलंबित केला आणि सप्टेंबरमध्ये सरकारी वकिलांनी कोर्टात आकडे ठेवले: मार्च २०११ अखेर खेळाडूंचं देणं सुमारे ३९ कोटी डॉलर, बँकेत सुमारे ६ कोटी. म्हणजे डॉलरला पंधरा सेंट. दरम्यानच्या चार वर्षांत ४४ कोटी डॉलरच्या वर रक्कम मालक आणि संचालकांना वाटली गेली होती, असा सरकारचा आरोप होता.

यातली एक बारीक गोष्ट बघा, कारण बुडणारी साइट आतून कशी पोखरली जाते ते तिच्यात दिसतं. पैसे भरून घेणाऱ्या मध्यस्थांवर अमेरिकेत दबाव आला होता, आणि खेळाडूंच्या बँक खात्यांतून पैसे ओढणं कंपनीला जमत नव्हतं. तरी साइटवर भरणा दाखवला जात होता. तुम्ही शंभर डॉलर भरायला सांगितले, स्क्रीनवर शंभर जमा झाले, पण तुमच्या बँकेतून कधी गेलेच नाहीत. अशा कधीच वसूल न झालेल्या जमा सुमारे १३ कोटी डॉलरच्या होत्या. लोक त्या आकड्यांनी खेळले, हरले, जिंकले. जिंकणाऱ्याच्या खात्यात जो आकडा वाढला, त्याच्या मागे नाणं नव्हतं. स्क्रीनवरची शिल्लक हा फक्त कंपनीने लिहिलेला आकडा असतो. तेवढेच पैसे बँकेत आहेत का, हे कोणीतरी बाहेरचा रोज ताडून पाहत असेल, तरच ‘वेगळं’ या शब्दाला अर्थ. त्या वेळी ऑल्डर्नीच्या नियमांत पैसे वेगळे ठेवण्याची सक्ती नव्हती. पोकरस्टार्सचा परवाना आइल ऑफ मॅनचा होता, तिथे होती.

खेळाडूंना शेवटी पैसे मिळाले, पण ते कुठल्या संरक्षणामुळे नाही. जुलै २०१२ मध्ये पोकरस्टार्सने अमेरिकी सरकारशी ७३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड केली आणि त्यात फुल टिल्ट विकत घेतली. अमेरिकेबाहेरच्यांना त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पैसे खुले झाले. अमेरिकेतल्यांना पहिले पैसे फेब्रुवारी २०१४ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीन वर्षांनी. श्रीमंत गिऱ्हाईक सापडलं म्हणून ते वाचले. तुमच्या साइटला असं गिऱ्हाईक सापडेल, यावर १,८४० पौंड लावू नका.

दुसरी घटना तुमच्या पैजेशी थेट लागते. फुटबॉल इंडेक्स नावाची साइट २०१५ मध्ये सुरू झाली. चालवणारी कंपनी जर्सी बेटावरची बेटइंडेक्स, परवाना ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनचा. तिथे फुटबॉलपटूंचे ‘शेअर’ विकत घेता यायचे. खेळाडू चमकला की लाभांश मिळायचा, शेअरचा भाव वाढायचा. भाषा सगळी शेअर बाजाराची, पण कायद्याने प्रत्येक शेअर म्हणजे तीन वर्षं चालणारी एक पैज होती. ५ मार्च २०२१ ला कंपनीने लाभांश प्रचंड कापला, भाव एका रात्रीत कोसळले, ११ मार्चला साइट थांबली, परवाना निलंबित झाला आणि महिनाअखेरीपर्यंत कंपनी प्रशासकांकडे गेली.

या कंपनीने खेळाडूंच्या शिल्लक रकमेसाठी ट्रस्ट खातं केलं होतं, आणि ते खातं खरं होतं. मग लोक का बुडाले? ट्रस्टमध्ये काय होतं ते पाहा. खात्यात रोख म्हणून दिसणारी शिल्लक तेवढी होती. ‘शेअर’ म्हणून गुंतलेले पैसे म्हणजे लावून झालेल्या पैजा, त्या ट्रस्टबाहेर. असं गुंतलेलं, वृत्तपत्रांत आलेला आकडा सुमारे ९ कोटी पौंडांचा होता. ट्रस्टमधली रक्कम त्याच्या मानाने अगदी थोडी, आणि ती कोणाला कशी वाटायची हे विचारायला प्रशासकांना कोर्टात जावं लागलं. सरकारने या प्रकरणाची मॅल्कम शीहन यांच्याकडून स्वतंत्र चौकशी करून घेतली, तिचा अहवाल सप्टेंबर २०२१ मध्ये आला. ट्रस्टने आपलं काम केलं. लोकांना वाटलं होतं की ट्रस्टच्या भिंतीआड सगळं आहे, पण भिंतीच्या आत फक्त रोख होती.

तुमच्या साइटलाही हेच लागू. कमिशनच्या व्याख्येत ‘ग्राहकांचे पैसे’ म्हणजे पुढच्या खेळासाठी भरून ठेवलेली रक्कम, जिंकून खात्यात ठेवलेली किंवा अजून द्यायची असलेली रक्कम, आणि ज्याच्या सगळ्या अटी पूर्ण होऊन तो खरंच तुमचा झालाय असा बोनस. तुमचे १,८४० यात बसतात. प्रीमियर लीगवरचे २५० बसत नाहीत, कारण ते लावून झाले. आता त्यांच्या जागी फक्त कंपनीचं वचन आहे. आणि ६० पौंडांचा बोनस? ‘दहा पट खेळा, मग काढा’ अशी काही अट अजून उरली असेल, तर तो तुमचा पैसाच नाही, बुडण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे साइट उद्या वरच्या पायरीवर गेली, तरी तुमच्या खात्यावर दिसणाऱ्या २,१५० मधले ३१० तिच्या बाहेरच राहतील.

तर पैसे काढा म्हणते, ते यासाठी. आठवड्यात जेवढे लागतील तेवढेच तिथे ठेवा. बँकेत तुमच्या नावावर असलेला पौंड आणि बेटिंग साइटवरचा पौंड दिसायला सारखे असले, तरी पहिल्याला कायद्याची हमी आहे आणि दुसऱ्याला तुमचा मेल म्हणतो तसं काही नाही. २५० च्या पैजेचं म्हणाल तर केवळ या भीतीने ती आत्ता मोडू नका. मुदतीआधी मोडली की साइट कमी भाव देते, आणि कंपनी अडचणीत असल्याची काही खूण नसताना तो तोटा नक्कीचा असतो. मात्र यापुढे महिनोन्महिने चालणारी मोठी पैज लावताना, ते पैसे आपण या कंपनीला बिनतारण उसने देतोय, असं समजा.

साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत कंपनीचं खरं नाव आणि परवान्याचा क्रमांक असतो, तो कमिशनच्या सार्वजनिक नोंदवहीत टाकून बघा. ब्रँड एकाचा आणि परवाना दुसऱ्याचा असं पुष्कळदा असतं. तुमचे पैसे ज्याच्याकडे आहेत तो परवानाधारक. लोगो ज्याचा आहे तो कदाचित फक्त जाहिरात करणारा. नोंदवहीत सापडलीच नाही, किंवा परवाना कुठल्या तरी दूरच्या बेटाचा निघाला, तर वर सांगितलेल्या पायऱ्यांपैकी एकही तुम्हाला लागू नाही. तिथे मी एक पौंडही रात्रभर ठेवणार नाही.

अडचणीच्या खुणा विचाराल, तर मी एकाच गोष्टीकडे बघते: पैसे बाहेर पडायला लागणारा वेळ. भरणा सगळ्यांचा तत्काळ होतो. काढायला पूर्वी दोन दिवस लागायचे ते आठ लागायला लागले, आधी मान्य झालेली ओळखपत्रं पुन्हा मागितली, एकदम काढू नका, थोडे थोडे काढा असं सुचवलं, आणि त्याच आठवड्यात ‘आज भरा, दुप्पट खेळा’ असा मोठा बोनस आला, तर आत येणाऱ्या पैशांवर बाहेर जाणारे भागवले जात असण्याची शक्यता असते. एखादी खूण एकटी आली तर घाबरू नका, ओळखपत्र पुन्हा मागण्याची खरी कारणं असतात. सगळ्या एकत्र आल्या तर मात्र भरणं थांबवा. आणि ज्या बँक खात्यातून पैसे भरले ते काढण्यासाठी अजून चालू आहे ना, हे आत्ताच पाहून घ्या.

माझ्या माहितीतल्या एका कुटुंबावर ही वेळ आली होती. कंपनीचं नाव घेत नाही. एका रविवारी त्यांच्याकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही प्रशासकाचं पत्र वाचलं. सोबत देणं सांगायचा एक साधा फॉर्म होता: नाव, पत्ता, येणं किती, कशाबद्दल, तारण काय. तारणाच्या चौकोनात त्यांनी विचारलं, ‘इथे काय लिहू?’ मी म्हटलं, ‘काही नाही असं लिहा.’ पुढची अडचण रकमेची होती. साइट बंद होऊन दोन आठवडे झाले होते, लॉगिन होत नव्हतं आणि शेवटची शिल्लक किती होती याचा त्यांच्याकडे कागदच नव्हता. सत्तावीसशे की एकतीसशे यावर नवरा-बायकोत वाद झाला. शेवटी बँकेचे उतारे काढून, भरलेले आणि परत आलेले पैसे मांडून, कसाबसा आकडा बसवला. प्रशासकाकडे कंपनीची नोंद असते, पण तिच्याशी ताडून बघायला तुमच्याकडे काही नसेल, तर ते म्हणतील तो आकडा खरा. म्हणून दर महिन्याला शिल्लक, चालू पैजा आणि व्यवहारांचा उतारा यांचा एक स्क्रीनशॉट, तारीख दिसेल असा, काढून ठेवत जा.

तसंच, साइट बंद झाल्यानंतर ‘तुमचे पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ असे फोन येतात, त्या कुटुंबालाही आले. ज्यांचं येणं आहे त्यांच्याकडून प्रशासक फी मागत नाही. गॅम्बलिंग कमिशनही तुमचे पैसे भरून देत नाही, त्याचं काम परवान्यापुरतं आहे. आणि इथे २०२० पासून जुगारासाठी क्रेडिट कार्ड चालत नाही, त्यामुळे क्रेडिट कार्डाच्या खरेदीवर बँकेकडे जो हक्क सांगता येतो, तोही तुमच्याकडे नाही.

भावाचं म्हणणं मात्र बरोबर नाही. भारतात २०२५ च्या ऑगस्टमध्ये जे झालं ते कंपनी बुडणं नव्हतं. संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि मोठ्या कंपन्यांनी पैसे लावून खेळायचे खेळ बंद केले. धंदा बंद होणं आणि दिवाळखोर होणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पैसे असलेली कंपनी खेळ बंद करते तेव्हा तिला प्रत्येकाची शिल्लक पूर्ण द्यावीच लागते. इथे ना रांग, ना पेन्सचा हिशेब. त्या कायद्यातली शिक्षा खेळ चालवणाऱ्याला, त्याची जाहिरात करणाऱ्याला आणि त्याचे पैसे फिरवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. त्यामुळे शिल्लक मागायला तुमच्या भावाने कचरू नये. त्याचे पैसे अजून ॲपमध्ये असतील तर काढण्याची लेखी विनंती करायला सांगा, तक्रारीचा क्रमांक आणि शिल्लक दाखवणारा स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगा, आणि उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू द्या.

तुमचे १,८४० पौंड बँकेत दिसले की मला दोन ओळी लिहा, आणि विनंती टाकल्यापासून किती दिवस लागले तेही कळवा.